विचारणाऱ्याची जागा

एखाद्या अनोळखी समाजात जाऊन राहणारा आणि परत येऊन त्या समाजाविषयी ग्रंथ लिहिणारा अभ्यासक काय पाहतो, हे आपण त्याच्या ग्रंथात वाचतो. परंतु तो कोठे उभा राहून पाहतो, त्याला तेथे कोणी नेले, आणि तो कोणाचा माणूस आहे असे त्या लोकांना वाटले, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. खुद्द अभ्यासकही हे प्रश्न फार दिवस टाळीत आले. लोकांचे जीवन ग्रंथात यावे, आपले स्वतःचे रोजनिशीत राहावे, असा एक शिष्टाचारच या शास्त्रात पडून गेला होता. तो शिष्टाचार मोडून एका अभ्यासकाने आपल्या जागेचा हिशेब १९६२ साली उघडपणे मांडला. त्या हिशेबाची हकीकत श्रोत्यांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. परंतु माणसांना प्रश्न विचारणे हा आमच्या संघटनेच्या कामाचा रोजचा भाग असल्यामुळे ही हकीकत आम्हाला फार जवळची वाटली.

या अभ्यासकाचे नाव जेराल्ड बेरेमन. हा तरुण अमेरिकन १९५७ साली गढवालच्या बाजूच्या डोंगरात एका खेड्यात राहावयास गेला. ग्रंथात त्याने या खेड्याला सिरकंडा असे नाव दिले आहे. ते खरे नाव नव्हे. लोकांना त्रास होऊ नये म्हणून गावाचे व माणसांचे नाव बदलण्याची रीत त्याने पाळली. गावात ३८४ माणसे. मोटारीचा रस्ता नऊ मैलांवर आणि तेथपर्यंत पायवाट. वस्तीत बहुसंख्य रजपूत, थोडे ब्राह्मण, आणि सुमारे दहावा हिस्सा लोहार, विणकर अशा अस्पृश्य मानलेल्या कारागीर जातींचा. बाहेरचा माणूस गावात येई तो बहुधा सारा वसूल करणारा, पोलिस किंवा जंगलखात्याचा. मग परका दिसला की गाव तोंड मिटून बसे, यात नवल ते काय?

बेरेमन गावात शिरला तो एक चिठ्ठी घेऊन. खालच्या बाजारपेठेतील एका ठोक व्यापाऱ्याने ती दिली होती. हे आपलेच लोक आहेत, यांचा पाहुणचार करा, अशा अर्थाची. पुढे उलगडा झाला तो असा, की हा व्यापारी वर्षानुवर्षे गावाचा माल घेणारा आणि काही आडमार्गाने गावातील जमीनही बळकावलेला असा गृहस्थ होता. ज्याच्या नावाने चिठ्ठी होती, तो तर गावातील सर्वांत संशयी माणसांपैकी एक. जवळजवळ सारे गाव एका बाजूला आणि त्याचे घर दुसऱ्या बाजूला, असा जमिनीचा दावा नऊ वर्षे चालून नुकताच त्याच्या बाजूने निकाल लागला होता. म्हणजे अभ्यासकाने तोंडातून शब्द काढण्यापूर्वीच त्याची जागा गावाने ठरवून टाकली होती. चिठ्ठीमुळे नव्हे, तर चिठ्ठी असूनही आपल्याला गावात राहता आले, असा त्याचा निष्कर्ष आहे.

त्याच्याबरोबर दुभाषा होता. ग्रंथात त्याला शर्मा म्हटले आहे. हा मैदानी मुलखातील तरुण ब्राह्मण. तो मांस खात नसे, दारूला शिवत नसे आणि सोवळेओवळे पाळी. आता डोंगरातील हिंदूंची गोष्ट निराळी. तेथे रजपूतच काय, ब्राह्मणही मांस खात. देवाला बकरा कापीत. घरी दारू गाळून पीत. मुलीसाठी नवऱ्याकडून पैसे घेत. घटस्फोट आणि पुनर्विवाह यांची वाटही मोकळी होती. मैदानातील उच्चवर्णीय आपल्याला यापायी हिणवतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तेव्हा शर्मासमोर बसून गावातील वरच्या जातीची माणसे जी माहिती सांगत, ती आपण शास्त्रोक्त हिंदू आहोत हे ठसविणारी असे. बकऱ्याचे नाव निघत नसे. आणि खालच्या जातीची माणसे तर फारशी बोलतच नसत. ब्राह्मणाच्या बिऱ्हाडात त्यांनी यावे कसे आणि त्याच्यादेखत रजपुतांची गाऱ्हाणी सांगावी कशी?

काही महिने असे गेले आणि शर्मा आजारी पडला. त्याच्या जागी जो मिळाला तो मोहम्मद, उतारवयाचा मुसलमान शिक्षक. हिंदूंच्या खेड्यात मुसलमान दुभाषा नेला तर आतापर्यंत जोडलेले सारे तुटेल, अशी बेरेमनला धास्ती वाटली. झाले ते मात्र वेगळेच. वरच्या जातींनी त्याला वयाचा आणि विद्येचा मान दिला, पण अंतर राखले. त्याच्यासमोर सोवळेपणाचा देखावा करण्याचे मात्र त्यांना कारण उरले नाही. ज्याच्याकडून धर्माचा दाखला मिळवायचा नाही, त्याच्यापासून बकरा तरी का लपवावा? आणि खालच्या जातींची माणसे आता बिऱ्हाडी येऊन बसू लागली, मोकळेपणी बोलू लागली. वरच्या जातींच्या घरांतील ज्या गोष्टी ते पिढ्यान् पिढ्या चाकरी करताना पाहत आले होते, त्या आता वहीत उतरू लागल्या.

येथे क्षणभर थांबून काय बदलले आणि काय बदलले नाही याचा विचार करावा. गाव तेच होते, विचारणारा गोरा अमेरिकन तोच होता, प्रश्नही बहुतेक तेच होते. बदलला तो फक्त मध्ये बसलेला माणूस. आणि तेवढ्याने एकाच गावाची दोन चित्रे निघाली. शर्मा बरा राहिला असता, तर बेरेमनचे पुस्तक सोवळ्या रजपुतांचे पुस्तक झाले असते आणि त्यात एकही वाक्य खोटे रचलेले नसते. ही गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. खोटे सांगणारा अभ्यासक पकडता येतो. परंतु प्रामाणिकपणे अर्धेच पाहिलेला अभ्यासक पकडणे कठीण, कारण त्याच्या वहीतील प्रत्येक ओळीला साक्षीदार असतो.

ही गोष्ट समजावून घेण्यासाठी बेरेमनने अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचा विचार हाताशी घेतला. आपल्या घरगुती भाषेत तो असा सांगता येईल: प्रत्येक समाजाला एक ओसरी असते आणि एक माजघर असते. पाहुण्याला ओसरीवर बसवितात. तेथे सतरंजी अंथरलेली असते आणि घरातील सर्वजण एकमेकांना सांभाळून बोलतात. माजघरात भांडणे असतात, उसनवारी असते, चुलीवर काय शिजते ते असते. अभ्यासकाला माजघर पाहायचे असते. पण त्याला कोठपर्यंत येऊ द्यायचे, हे तो ठरवीत नाही, घरचे लोक ठरवितात. आणि ते ठरविताना त्याची जात, धर्म, देश, वय, त्याच्या ताटात काय वाढलेले आहे, हे सारे पाहतात.

मग माजघर तेवढे खरे आणि ओसरी खोटी, असे म्हणावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. सिरकंड्याचे रजपूत शर्मापुढे जो सोवळेपणा दाखवीत होते, त्यातूनही एक सत्य कळत होते: आपण मैदानातील उच्चवर्णीयांसारखे दिसावे, ही त्यांची ओढ. खालच्या जातींनी वरच्यांविषयी सांगितलेले तेवढे खरे, असेही धरून चालणार नाही. गाऱ्हाणे असलेला माणूस आपल्या बाजूने बोलतो. आणि या खटाटोपातील तिघेही, अभ्यासक आणि दोन दुभाषे, पुरुष होते. तेव्हा बायकांच्या माजघराचे दार मोहम्मद आल्यानेही उघडणारे नव्हते. जागा बदलली की नवे दिसते आणि काही जुने दिसेनासे होते. सर्व बाजूंनी एकदम पाहता येईल अशी जागा कोणालाच मिळत नाही.

अमेरिकन परका होता म्हणून असे झाले, आपल्यातील कोणी असता तर झाले नसते, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी म्हैसूरजवळच्या रामपुऱ्याचे उदाहरण आहे. तेथे १९४८ साली एम. एन. श्रीनिवास हे अभ्यासक जाऊन राहिले. ते त्याच मुलखातील, ती भाषा बोलणारे. पण ब्राह्मण, आणि उतरलेले पाटलाच्या वाड्याशेजारी, त्याच्याच बैलांच्या घरात. तेथील टिपणांवरून तयार केलेली सारी कागदपत्रे १९७० साली अमेरिकेत लागलेल्या आगीत गेली, आणि त्यांनी मुख्यतः आठवणीच्या बळावर लिहिलेला ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात त्यांनी हे मोकळेपणाने नोंदविले आहे, की आपल्याला दिसलेले गाव हे वरच्या जातींच्या बाजूने दिसलेले गाव होते. भाषा येत होती, दुभाषा लागला नाही. पण पाटलाची ओसरी हाच त्यांचा दुभाषा झाला.

गिरणगावच्या लोकांना हे नवे वाटू नये. कामगाराच्या नोकरीची किल्ली जॉबरच्या हाती असे आणि तो भरतीसाठी कामगारांकडून पैसे खाई, हे १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने नोंदविले. आता कल्पना करा, की एखादा तपासनीस चाळीत आला, त्याला खोल्या दाखवीत जॉबरच हिंडतो आहे, आणि कामगाराला प्रश्न केला की नोकरीसाठी कोणाला काही द्यावे लागले काय? उत्तर ‘नाही’ असेच येणार, आणि ते तक्त्यात आकडा होऊन बसणार. युनियनचा माणूस बरोबर असला तर उत्तर उलट येईल. पण मग त्याच कामगारावर सावकाराचे किती कर्ज आहे, वर्गणी का थकली, हे आमच्यासमोर तो सांगणार नाही. म्हणून आम्ही येथे स्वतःला वेगळे काढीत नाही. आम्ही कामगाराच्या बाजूचे आहोत, याचा अर्थ तो आमच्यासमोर सर्व बोलतो असा होत नाही.

तर यावर उपाय काय? आपण कोण आहोत हे प्रस्तावनेत चार ओळींत सांगून टाकले की काम संपले, अशी समजूत अलीकडे दिसते. ‘मी अमुक जातीचा, अमुक शहरातील’ एवढ्याने वाचकाला काही कळत नाही. बेरेमनच्या हिशेबाचे मोल त्यात आहे, की कोणती माहिती कोणासमोर मिळाली आणि कोणासमोर मिळाली नाही, हे त्याने दाखविले. प्रत्येक उत्तराशेजारी तेव्हा तेथे कोण बसले होते ते लिहावे. तोच प्रश्न दुसऱ्या माणसांच्या देखत, दुसऱ्या जागी पुन्हा विचारावा. दोन उत्तरे जुळली नाहीत तर एक खोडू नये. ती का जुळत नाहीत, हा पुढचा प्रश्न करावा. आणि सांगितलेले घडलेल्याशी ताडून पाहावे: बकरा कापीत नाही म्हणणाऱ्या घरी सणाच्या दिवशी काय शिजले, हे पाहण्याइतके दिवस तेथे राहावे.

याशिवाय एक जबाबदारी उरते. माजघरातील गोष्ट ज्याने विश्वासाने सांगितली, तो अभ्यासक निघून गेल्यावरही त्याच गावात, त्याच रजपुताच्या शेजारी राहणार असतो. गावाचे नाव बदलल्याने परक्यांपासून तो लपेल. पण गावच्याच माणसाने पुस्तक वाचले, तर कोण बोलले हे त्याला ओळखता येते. तेव्हा कळले ते सारे छापावे की काही वहीतच ठेवावे, हे अभ्यासकाला दर वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि तेथे त्याच्या जागेचा प्रश्न पुन्हा येतो. कारण छापल्याचा लाभ त्याला आणि जोखीम दुसऱ्याला असते.

यापुढे एखाद्या जमातीविषयी, खेड्याविषयी किंवा चाळीविषयी ग्रंथ अथवा अहवाल हाती आला, तर श्रोत्यांनी आकड्यांकडे वळण्यापूर्वी तीन गोष्टी शोधाव्यात: लिहिणारा उतरला कोणाच्या घरी, त्याला चिठ्ठी दिली कोणी, आणि मध्ये बसून बोलणे उलगडले कोणी. या तिन्हींचा पत्ता पुस्तकात लागला, तर ते पुस्तक कोणत्या बाजूने पाहिलेले आहे हे आपल्याला ठरविता येते आणि त्याचा उपयोगही करता येतो. पत्ता लागलाच नाही, तर त्यातील माहिती टाकून देऊ नये. पण तीच माहिती दुसऱ्या कोणी, दुसऱ्या दाराने जाऊन मिळविली आहे काय, हे पाहिल्यावाचून तिच्यावर निकालही देऊ नये.