आकाश काळे म्हणणारे लोक : निळा, हिरवा आणि दीडशे वर्षांचा एक वाद

इंद्रधनुष्यात कुठेही रेघ आखलेली नसते. हिरव्याकडून निळ्याकडे जाताना प्रकाशाची तरंगलांबी हळूहळू कमी होत जाते. अमुक ठिकाणी हिरवा संपला असे निसर्ग सांगत नाही, ती सीमा भाषा ठरवते. मराठीत आपण तिथे एक सीमा मानतो. अनेक भाषांत ती नाही, त्या दोन्ही रंगांना एकच शब्द वापरतात. मग त्या लोकांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत का? या प्रश्नाचे उत्तर मिळवताना अभ्यासक कुठे चुकले आणि चूक कशी लक्षात आली, हे या पाठात पाहू.

डोळ्यांवर संशय

पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८५८ मध्ये होमरवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. होमरच्या काव्यात काळ्या-पांढऱ्याचे उल्लेख भरपूर आहेत, इतर रंग मात्र थोडे आहेत. समुद्राला मद्याची उपमा आहे, पण आकाश निळे असल्याचे कुठे म्हटलेले नाही. यावरून त्यांनी असा तर्क केला की, प्राचीन ग्रीकांची रंग ओळखण्याची शक्ती अजून पुरती विकसित झाली नसावी.

१८६७ मध्ये लाझारुस गायगर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने हाच प्रश्न भारतापर्यंत आणला. ऋग्वेदात उषेची आणि आकाशाची वर्णने वारंवार येतात, तरी आकाश निळे असल्याचा उल्लेख सापडत नाही, हे त्याने दाखवले. निळ्यासाठीचे शब्द बहुधा काळ्या किंवा हिरव्यासाठीच्या जुन्या शब्दांतून येतात, हेही त्याच्या लक्षात आले. आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे संस्कृतातील ‘नील’. त्याच्या अर्थात गडद, काळसर छटाही येते. तसेच ‘हरि’ आणि ‘हरित’ हे शब्द पिवळ्यापासून हिरव्यापर्यंतच्या छटांना लागतात. हळदीचे संस्कृत नाव ‘हरिद्रा’ त्याच कुळातले आहे.

१८७७ मध्ये ह्यूगो माग्नुस या नेत्रवैद्याने या निरीक्षणांना शरीरशास्त्राचे रूप दिले. मानवी दृष्टिपटल काही हजार वर्षांत टप्प्याटप्प्याने सुधारले आणि निळा रंग सर्वांत शेवटी दिसू लागला, असे त्याने मांडले. या मताचा पुढचा परिणाम गंभीर होता. ज्या समाजांच्या भाषेत आज निळ्याला शब्द नाही, त्यांचे डोळे ‘मागासलेले’ ठरत होते.

पाहणे वेगळे, नाव देणे वेगळे

मेलेल्या ग्रीकांचे डोळे तपासता येत नाहीत, पण जिवंत माणसांना विचारता येते. माग्नुसने स्वतःच निरनिराळ्या देशांतील लोकांकडे रंगांचे नमुने आणि प्रश्नावली पाठवून माहिती गोळा केली. १८८० मध्ये तिचे निष्कर्ष आले. शब्द नसलेले लोकही रंगांतला फरक ओळखत होते. माग्नुसला आपले मत बदलावे लागले.

तरीही वाद मिटला नाही. १८९८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची एक मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत गेली. तिच्यात विल्यम रिव्हर्स हे वैद्य होते. मेर बेटावरच्या लोकांकडून त्यांनी रंगांची नावे लिहून घेतली. तिथे लाल म्हणजे ‘मामामामाम’, कारण ‘माम’ म्हणजे रक्त. पिवळा म्हणजे ‘बामबाम’, कारण ‘बाम’ म्हणजे हळद. निळ्यासाठी मात्र लोक ‘बुलुबुलु’ म्हणत, आणि हा शब्द इंग्रजीतून नुकताच आलेला होता. त्या प्रदेशात स्वच्छ निळ्या आकाशाला आणि समुद्राला काळ्यासाठीचा शब्द लावणे लोकांना अगदी स्वाभाविक वाटे.

रिव्हर्स यांनी दोन प्रकारच्या चाचण्या केल्या. पहिलीत लोकरीचे रंगीत धागे देऊन सारख्या रंगाचे धागे जुळवायला सांगत. इथे नाव घ्यावे लागत नाही, फक्त डोळा लागतो. दुसरीत काचेची रंगछटा क्रमाक्रमाने गडद करत आणि रंग कधी ओळखू येतो ते विचारत. दुसऱ्या चाचणीत निळा ओळखायला तिथल्या लोकांना इंग्रजांपेक्षा गडद काच लागली. त्यावरून रिव्हर्स यांनी निष्कर्ष काढला की, त्यांचे डोळे निळ्या रंगाला थोडे कमी संवेदनशील असावेत.

चूक इथेच होती. दोन गटांची तुलना सारख्या परिस्थितीत झालेली नव्हती. १९१६ मध्ये एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, चाचणीच्या वेळचा उजेड बदलला तरी असा फरक पडू शकतो. शिवाय या चाचणीत ‘कोणता रंग?’ असे विचारले जात होते, म्हणजे डोळ्यांबरोबर शब्दांचीही परीक्षा होत होती. नाव घ्यायला लावणारी चाचणी एकट्या डोळ्याची चाचणी नसते.

मग एकच शब्द का?

१९६९ मध्ये ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी ९८ भाषांची तुलना केली. रंगांचे मूलभूत शब्द भाषांत कसेही वाढत नाहीत, त्यांना साधारण क्रम असतो, असे त्यांना आढळले. काळा, पांढरा आणि लाल आधी येतात. निळा आणि हिरवा वेगळे होणे बरेच पुढचे पाऊल आहे. नंतर अलिखित परंपरेच्या ११० भाषांतील लोकांना ३३० रंगपट्ट्या दाखवून मोठे सर्वेक्षण झाले. निळा-हिरवा एकत्र ठेवणे हा अपवाद नसून जगभर आढळणारा प्रकार आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. या क्रमाला अपवादही सापडले, म्हणून तो नियम न मानता कल मानावा.

या कलाचे एक कारण गरजेत आहे. फळ, मांस, माती, प्राणी अशा ज्या वस्तूंविषयी आपण बोलतो त्या बहुधा लाल-पिवळ्या बाजूच्या असतात. आकाश, पाणी, झाडी ही पार्श्वभूमी हिरवी-निळी असते. २०१७ मधील एका संशोधनानुसार, भाषा लाल-पिवळ्या बाजूचे रंग अधिक नेमकेपणाने सांगतात. दुसरे कारण मेर बेटाच्या शब्दांत दिसते. लालसाठी रक्त आणि पिवळ्यासाठी हळद हाताशी होती, पण निळ्याचे नाव घ्यावे अशी वस्तू निसर्गात विरळाच. निळीसारखा रंग माणूस तयार करू लागला की कापडाचा निळा हिरव्यापासून वेगळा सांगण्याची गरज वाढते.

जपानी भाषेतला बदल

जुन्या जपानीत रंगांची चार मुख्य विशेषणे होती : लाल, पांढरा, काळा आणि ‘आओ’. ‘आओ’मध्ये निळा आणि हिरवा दोन्ही येत. ‘मिदोरी’ हा शब्द मूळचा कोवळ्या पालवीचा. तो हळूहळू हिरव्याचे नाव झाला आणि ‘आओ’ निळ्याकडे सरकला. पण जुना अर्थ अजून शिल्लक आहे. हिरवे सफरचंद ‘आओ-रिंगो’, कोवळी हिरवी पाने ‘आओबा’ आणि चौकातला हिरवा सिग्नल ‘आओ’च. सिग्नलला ‘आओ’ म्हणणारा जपानी चालक त्याचा हिरवेपणा आपल्याइतकाच स्पष्ट पाहतो. त्याचा शब्द फक्त भाषेच्या आधीच्या टप्प्यातून आला आहे.

होमर किंवा ऋग्वेद वाचताना ही खबरदारी घ्यावी. एखाद्या ग्रंथात रंगाचे नाव नसणे हा त्या काळच्या भाषेविषयीचा पुरावा आहे, त्या काळच्या डोळ्यांविषयीचा नाही.