बुध वक्री होतो म्हणजे नेमकं काय? जमिनीचा व्यवहार खरंच थांबवावा का?

'बुध वक्री आहे, सही करू नका' असा मेसेज तुम्हालाही आला असेल. पण बुध खरंच मागे फिरतो का?

दौंड-शिरूर भागात उसाच्या रसाचा, बैल जुंपलेला लाकडी चरक अनेकांनी पाहिला असेल. तुम्ही बाजूला उभे असता. बैल पलीकडच्या बाजूला डावीकडून उजवीकडे जातो आणि तुमच्या जवळून जाताना उजवीकडून डावीकडे. तो उलटा फिरलेला नसतो, एकाच दिशेने गोल चालत असतो. बुधाचंही तसंच आहे. तो पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून जाताना आपल्याला ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो. वर्षातून तीन-चार वेळा, दर वेळी साधारण तीन आठवडे असं घडतं.

२०२५ मध्ये बुध १८ जुलैला वक्री झाला आणि ११ ऑगस्टला मार्गी. तेव्हा सोशल मीडियावरच्या पाश्चात्त्य भविष्यात तो सिंह राशीत होता, तर आपल्या पंचांगात कर्क राशीत. कारण दोन्ही पद्धतींत सुमारे २४ अंशांचा फरक आहे. त्यामुळे इंग्रजी रीलमधलं राशीफळ मराठी पत्रिकेला लावलं की गोंधळ होतो.

ज्योतिषी बुधाला वाणी, व्यापार, हिशेब आणि कागदपत्रांचा कारक मानतात. म्हणून या काळात नवीन करार टाळा, जुनी कामं पुन्हा तपासा, असं ते सांगतात. मात्र भारतीय ज्योतिषात वक्री ग्रहाला चेष्टाबल मिळतं, म्हणजे तो बलवान समजला जातो. त्यामुळे 'वक्री म्हणजे वाईटच' हे त्या शास्त्रालाही धरून नाही. मूळ पत्रिकेत बुध कुठे आहे, हे पाहूनच फळ सांगितलं जातं.

समजा, शिरूर तालुक्यात तुम्ही जमीन घेताय. विसार दिलाय आणि खरेदीखत याच तीन आठवड्यांत ठरलंय. ज्योतिषाचा सल्ला मानायचा, तर आधी सातबारा आणि फेरफार पाहा, गट नंबर, क्षेत्र, नावांची स्पेलिंग जुळवा आणि सही बुध मार्गी झाल्यावर करा. यातली तपासणी कोणत्याही महिन्यात फायद्याचीच आहे.

थांबण्याला मात्र मर्यादा आहे. साठेखतातली मुदत ग्रहासाठी थांबत नाही. ती उलटली तर विसारावरून वाद होऊ शकतो. दस्तावर सही झाली असेल, तर तो नोंदणीसाठी सहीपासून चार महिन्यांत सादर करावा लागतो. त्यामुळे पुढे ढकलायचंच असेल, तर समोरच्याशी बोलून मुदतवाढ लेखी घ्या.

बुध वक्री असताना व्यवहार बिघडतात, याला वैज्ञानिक पुरावा नाही. चुकलेला गट नंबर मात्र बुध मार्गी असतानाही तितकाच महागात पडतो.