प्रतिदावा म्हणजे काय? कैफियतीत तो कसा लिहितात आणि स्वतंत्र दाव्यापेक्षा तो वेगळा कसा?

दिवाणी दाव्यात प्रतिवादीने दिलेल्या लेखी उत्तराला कैफियत म्हणतात. कैफियत ही ढाल असते. वादीचे म्हणणे खोटे कसे, एवढेच ती सांगते. प्रतिवादीला वादीकडून स्वतःसाठी काही हवे असेल, जमीन, पैसे किंवा मनाईचा हुकूम, तर त्याला तशी मागणी करावी लागते. त्याच दाव्यात केलेल्या अशा मागणीला प्रतिदावा म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठीचे नियम (आदेश 8, नियम 6-अ ते 6-ग) 1976 च्या दुरुस्तीने आले. ते 1 फेब्रुवारी 1977 पासून लागू आहेत.

फरक समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोखाडा तालुक्यात दोन शेतकरी शेजारी आहेत. दोघेही आदिवासी, दोघांचे सातबारे वेगळे. 20 जून 2013 रोजी, भाताची पेरणी सुरू असताना, एकाने मधला बांध सरकवून दुसऱ्याची 7 गुंठे जमीन आपल्या शेतात घेतली. पुढे 2024 मध्ये दुसरा तो बांध पूर्ववत करायला गेला. तेव्हा पहिल्याने जव्हारच्या दिवाणी न्यायालयात 5 ऑगस्ट 2024 रोजी दावा लावला: ‘ही जमीन माझ्या कब्जात आहे, शेजाऱ्याला हरकत करण्यास कायमची मनाई करा.’

प्रतिवादीने 23 सप्टेंबर 2024 रोजी कैफियत दिली. त्यात अतिक्रमणाची सगळी हकीकत आहे आणि शेवटी एकच विनंती आहे: ‘वादीचा दावा खर्चासह रद्द करावा.’ बहुतेक लोकांना वाटते की एवढे पुरे. पण दावा रद्द झाला तरी 7 गुंठे वादीच्याच शेतात राहतात. प्रतिवादीने जमीन परत मागितलेली नाही, म्हणून न्यायालय ताबा देण्याचा हुकूम करू शकत नाही.

मुदतीचा घोळ इथेच होतो

मालकीच्या आधारे ताबा परत मागण्याची मुदत 12 वर्षे आहे. समोरच्याचा कब्जा मालकाच्या हक्काविरुद्ध सुरू झाला त्या दिवसापासून ती मोजतात. या उदाहरणात ती 20 जून 2025 रोजी संपते. प्रतिवादीने 14 जुलै 2025 रोजी प्रतिदावा आणला, तर ‘मूळ दावा 2024 चाच आहे, तेव्हा मुदत चालू होती’ असे तो म्हणेल. ते चालत नाही. मुदत कायद्याच्या कलम 3 प्रमाणे प्रतिदावा हा स्वतंत्र दावाच मानतात, आणि तो न्यायालयात केला त्या दिवशीच दाखल झाला असे धरतात. मूळ दाव्याची तारीख त्याला मिळत नाही. वर कलम 27 आहे: ताब्याच्या दाव्याची मुदत संपली की मालकीचा हक्कच संपतो. चोवीस दिवसांच्या उशिराने 7 गुंठे कायमचे जाऊ शकतात. तोच प्रतिदावा सप्टेंबरमधल्या कैफियतीसोबत गेला असता, तर मुदतीचा प्रश्नच उरला नसता.

मुदतीशिवाय एक दुसरी मर्यादाही आहे. प्रतिदावा कैफियतीनंतर आणता येतो का? अशोक कुमार कालरा विरुद्ध विंग कमांडर सुरेंद्र अग्निहोत्री या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 19 नोव्हेंबर 2019 रोजी सांगितले की आणता येतो, पण तो न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे. सर्वसाधारणपणे मुद्दे काढेपर्यंतच ही मोकळीक आहे. मुद्दे म्हणजे पुराव्याआधी न्यायालय ठरवते ते वादाचे प्रश्न. त्यामुळे वकिलांच्या ‘नंतर टाकू’ या शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे. वादकारण मात्र कैफियत देण्यापूर्वी, किंवा कैफियतीची मुदत संपण्यापूर्वी, घडलेले असावे लागते. वादीने त्यानंतर नवे अतिक्रमण केले, तर त्यासाठी स्वतंत्र दावाच लागतो.

कैफियतीत प्रतिदावा कसा लिहितात?

कागदाच्या मथळ्यावरच ‘कैफियत व प्रतिदावा’ असे लिहितात. आधी वादीच्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर देतात. ते संपले की ‘प्रतिदावा’ असे वेगळे शीर्षक देऊन नवी हकीकत सुरू करतात. उत्तरे आणि मागणी एकमेकांत मिसळली, तर मागणी नेमकी काय आहे हेच सापडत नाही, आणि वादीचा वकील ‘हा प्रतिदावाच नाही’ म्हणायला मोकळा होतो.

प्रतिदाव्याला दाव्याचेच नियम लागतात, म्हणून दाव्यात असते ते सगळे त्यात हवे. आपल्या उदाहरणात गट क्रमांक, एकूण क्षेत्र, चतुःसीमा आणि त्यापैकी नेमके कोणते 7 गुंठे हे लिहावे लागेल. ‘माझ्या जमिनीत अतिक्रमण केले’ एवढ्याने भागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाची हद्दकायम मोजणी आणि तिचा नकाशा असेल, तर त्या नकाशावरील खुणांनीच भाग दाखवणे चांगले. नकाशाशिवाय मिळालेला हुकूम शेतात उतरवताना अडतो: कोणता बांध, कुठून कुठपर्यंत?

मग वादकारणाची तारीख, मुदतीत असल्याचे विधान, न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचे विधान आणि मूल्यांकन येते. प्रतिदाव्यावरही स्वतंत्र कोर्ट फी भरावी लागते. ‘मी तर प्रतिवादी आहे’ म्हणून ती टळत नाही. शेवटी विनंती: 7 गुंठ्यांचा ताबा द्यावा, पुढे हरकत करण्यास मनाई करावी, आणि बेकायदा ताब्याच्या काळातील उत्पन्नाची भरपाई ठरवावी. सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र प्रतिदाव्यातल्या परिच्छेदांनाही लागू होईल, असे करून घ्यावे.

वादीला या प्रतिदाव्याचे उत्तर द्यावे लागते. त्याने दिले नाही, तर न्यायालय प्रतिदाव्यावर त्याच्याविरुद्ध निकाल देऊ शकते.

मग स्वतंत्र दावा कधी?

प्रतिदाव्याचा मोठा फायदा असा की मूळ दावा रद्द झाला, थांबला किंवा वादीने काढून घेतला, तरी प्रतिदावा चालू राहू शकतो. मोजणीचा नकाशा विरुद्ध आल्यावर दावा काढून घेणारे वादी कमी नाहीत. कैफियतीत फक्त नकार असता, तर अशा वेळी प्रतिवादीच्या हातात काहीच उरले नसते. शिवाय पुरावा एकदाच होतो, साक्षीदार एकदाच येतात.

पण प्रतिदावा वादीविरुद्ध असतो. 7 गुंठ्यांपैकी काही भाग वादीने तिसऱ्याला कसायला दिला असेल, आणि त्याच्याविरुद्धच हुकूम हवा असेल, तर स्वतंत्र दावा सोयीचा. मागणीचे मूल्य त्या न्यायालयाच्या आर्थिक मर्यादेपलीकडे जात असेल, किंवा मुद्दे निघून गेले असतील, तरी तोच मार्ग. दोन्ही दावे एकाच न्यायालयात असतील, तर एकत्र चालवण्याचा अर्ज करता येतो. उलट, प्रतिदाव्यातला वाद वेगळ्या दाव्यातच सोडवावा, असा अर्ज वादीही करू शकतो.

जव्हार-मोखाड्यासारख्या भागात एक गोष्ट आधी पाहावी. शेजारी बिगर-आदिवासी असेल आणि आदिवासीची जमीन त्याच्याकडे बेकायदा हस्तांतरित झाली असेल, तर ती परत देण्याचा निर्णय महसूल अधिकाऱ्यांकडे असतो. तिथे दिवाणी न्यायालयात प्रतिदावाही नाही आणि स्वतंत्र दावाही नाही. अर्ज महसूल खात्याकडे करावा लागतो.