मोरगावची हातकुऱ्हाड आणि शेजारची पट्टी

बारामती तालुक्यातील मोरगाव आपल्याला गणपतीमुळे ठाऊक असते. तेथेच कऱ्हा नदीच्या काठच्या थरांत पुराश्मयुगातील हातकुऱ्हाडी सापडल्या आणि २००० नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. अशा हत्याराच्या फोटोत शेजारी काळी-पांढरी पट्टी असते. हत्याराची लांबी पुढे त्या पट्टीवरूनच मोजता येते.

संगणकावर फोटो ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा असतो. समजा १० सेंमीची पट्टी ८०० पिक्सेल भरली, तर १ सेंमीला ८० पिक्सेल. हातकुऱ्हाड १०४० पिक्सेल भरली, तर तिची लांबी १३ सेंमी.

पण आपण ती मातीच्या गोळ्यावर ठेवली होती आणि तिची कड टेबलावरच्या पट्टीपेक्षा ४ सेंमी वर होती. कॅमेरा पट्टीपासून ५० सेंमी उंच, म्हणून कडेपासून ४६. जवळची वस्तू मोठी दिसते. खरी लांबी १३ × ४६ ÷ ५०, म्हणजे जवळजवळ १२ सेंमीच! कॅमेरा २ मीटरवर नेला तर हीच चूक पाव सेंमीवर येते. पट्टीच कडेच्या उंचीवर धरली तर तीही उरत नाही.

पट्टीऐवजी रुपया ठेवणाऱ्यांनी त्यावरचे साल टिपावे. १९९२चे नाणे २५ मिमी व्यासाचे, २०११ नंतरचे सुमारे २२.

कॅमेरा तिरका होता का, हे कसे कळावे? दोन सारख्या पट्ट्या काटकोनात ठेवाव्यात. दोन्हींचे पिक्सेल जुळले नाहीत, तर तो फोटो मोजणीला घेऊ नये.