लिथियम सोडियमसारखं न वागता मॅग्नेशियमसारखं का वागतं? समजून घ्या ‘कर्णसंबंध’

अकरावी सायन्सला आवर्तसारणी शिकवताना सांगतात की एका उभ्या रांगेतली म्हणजे एका गणातली मूलद्रव्यं सारखी वागतात. पुढच्याच तासाला सांगतात की लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही तिघं हा नियम मोडतात. पोरं दोन्ही गोष्टी पाठ करतात आणि पेपरात ‘कारण द्या’ आलं की अडतात. हे कारण काय, ते एका उदाहरणावरून पाहू.

आधी जागा बघा

आवर्तसारणीतल्या दोन आडव्या ओळींचा हा तुकडा:

दुसरी ओळ: लिथियम – बेरिलियम – बोरॉन – कार्बन
तिसरी ओळ: सोडियम – मॅग्नेशियम – अॅल्युमिनियम – सिलिकॉन

लिथियमच्या बरोबर खाली सोडियम आहे, ते त्याच्या गणातलं. पण लिथियमचं जास्त जुळतं ते तिरक्या रेषेतल्या मॅग्नेशियमशी. तसंच बेरिलियमचं अॅल्युमिनियमशी आणि बोरॉनचं सिलिकॉनशी. चौकोनाच्या तिरक्या रेषेला कर्ण म्हणतात, म्हणून हा ‘कर्णसंबंध’.

कारण आकारात आहे

सारणीत खाली गेलं की इलेक्ट्रॉनचं एक कवच वाढतं आणि अणू मोठा होतो. उजवीकडे गेलं की केंद्रातली ओढ वाढते आणि अणू आक्रसतो. एक पायरी खाली आणि एक पायरी उजवीकडे गेलं, तर वाढ आणि घट बऱ्यापैकी फिटते.

आकडेच बघा. लिथियम आयनाची त्रिज्या सुमारे 76 पिकोमीटर, मॅग्नेशियम आयनाची 72 आणि सोडियम आयनाची 102. (एका मिलिमीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोमीटर.) म्हणजे मापाने लिथियम मॅग्नेशियमच्या शेजारी बसतं, सोडियम लांब राहतं.

आयन लहान असला की त्याचा प्रभार थोड्या जागेत दाटतो. असा आयन शेजारच्या मोठ्या आयनाचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. लिथियमचं वेगळं वागणं बरंचसं या ओढीतून येतं.

नायट्रेट तापवलं तर

तीन नळ्यांत कोरडं सोडियम नायट्रेट, लिथियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम नायट्रेट घेऊन जोरात तापवलं, असं धरा.

सोडियम नायट्रेटमधून फक्त ऑक्सिजन निघतो. त्याला रंग नसतो, पण विझत आलेली काडी आत धरली की ती पेटते. मागे सोडियम नायट्राइट उरतं:

2NaNO₃ → 2NaNO₂ + O₂

लिथियम नायट्रेटमधून तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. मागे ऑक्साइड उरतं:

4LiNO₃ → 2Li₂O + 4NO₂ + O₂

मॅग्नेशियम नायट्रेटही तपकिरी धूरच सोडतं:

2Mg(NO₃)₂ → 2MgO + 4NO₂ + O₂

असं का होतं? लिथियमचा लहान आयन नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून धरतो, त्यामुळे नायट्रोजन-ऑक्सिजनचा बंध सैल पडून तुटतो. सोडियमच्या मोठ्या आयनाला एवढी ओढ नसते.

वजनातही हा फरक दिसतो. हिशेबाने 8.5 ग्रॅम सोडियम नायट्रेटचं 6.9 ग्रॅम नायट्राइट उरतं, पण 6.9 ग्रॅम लिथियम नायट्रेटचं जेमतेम 1.5 ग्रॅम ऑक्साइड उरतं.

एक ध्यानात ठेवा. लिथियम आणि मॅग्नेशियमची नायट्रेटं हवेतली ओल धरतात, त्यामुळे आधी नुसती वाफ निघते. तिलाच वायू समजू नका. तपकिरी धूर विषारी आहे. हा प्रयोग घरी करायचा नाही, प्रयोगशाळेत धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचा.

दुसरी खूण

लिथियम हवेत जळताना ऑक्सिजनबरोबर नायट्रोजनही धरतं आणि नायट्राइड बनतं. मॅग्नेशियमही तेच करतं. या नायट्राइडवर पाणी पडलं की अमोनियाचा उग्र वास येतो. सोडियम हवेत जळून नायट्राइड देत नाही.

उरलेल्या दोन जोड्या

अॅल्युमिनियमच्या भांड्यात धुण्याचा सोडा टाकून पाणी उकळलं तर भांडं खराब होतं, कारण अॅल्युमिनियम आम्लात विरघळतं तसं अल्कलीतही विरघळतं. बेरिलियमही दोन्हीकडे विरघळतं. त्याच्या गणातलं मॅग्नेशियम अल्कलीत विरघळत नाही.

बोरॉन अधातू आहे, तर त्याच्याच गणातलं अॅल्युमिनियम धातू. बोरॉनचं ऑक्साइड सिलिकाप्रमाणे आम्लधर्मी असतं आणि दोघांपासून काच बनते. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेत दोन्ही असतात.

साम्य कुठे संपतं?

कर्णसंबंध म्हणजे तंतोतंत सारखेपणा नव्हे. लिथियम आयनावर एकच धन प्रभार असतो, मॅग्नेशियमवर दोन. म्हणून ऑक्साइडची सूत्रं Li₂O आणि MgO अशी वेगळी येतात. लिथियम थंड पाण्यातही हायड्रोजनचे बुडबुडे सोडतं, मॅग्नेशियम थंड पाण्यात जवळपास तसंच पडून राहतं. इथे मात्र लिथियम आपल्या गणासारखंच वागतं. उत्तर लिहिताना आधी आकार, मग ओढ, मग नायट्रेटचं उदाहरण आणि शेवटी हा फरक, एवढं ओळीने आलं की कारण पुरं होतं.