सहभाग-तुलना, छोट्या पेजची

काहीशे अनुयायी असलेल्या समाजमाध्यमी पेजचा प्रतिसाद त्याच्याच आकाराच्या, विषयाच्या व परिसराच्या पेजशी ताडून पाहण्याची पद्धत. ताडून पाहण्याची ही कल्पना उद्योगव्यवस्थापनातून आली. झेरॉक्स कंपनीने ती १९७९ पासून वापरली (पहा : गुणवत्ता व्यवस्थापन).

दुसऱ्याच्या पेजची पोहोच बाहेरून दिसत नाही. म्हणून एका पोस्टवरील लाइक व प्रतिक्रिया मिळून येणाऱ्या संख्येस अनुयायीसंख्येने भागतात. एखादी पोस्ट अचानक पसरली की सरासरी फुगते, त्यामुळे मध्यक घेतात (पहा : मध्यक). उदाहरणार्थ, मुळशीतील एका काल्पनिक कृषिपर्यटन पेजचे ३४० अनुयायी व शेवटच्या १२ पोस्टचा मध्यक १७ असेल, तर दर ५ टक्के. पौड-ताम्हिणी पट्ट्यातील २०० ते ६०० अनुयायांच्या पाच पेजचे दर ३, ४, ६, ७ व ११ टक्के धरल्यास त्यांचा मध्यक ६. फरक एका टक्क्याचा, म्हणजे जेमतेम तीन-चार माणसांचा; त्याला पिछाडी म्हणता येत नाही. ताम्हिणीत पावसाळ्यात गर्दी असते, म्हणून सर्व पेजचे आठवडे तेच हवेत.

मोठ्या ब्रँडशी तुलना दोन्हीकडून फसवी ठरते : त्यांचा दर बहुधा कमी असतो आणि प्रतिसादात जाहिरातीचा वाटा मिसळलेला असतो. छोट्या पेजवर नातेवाइकांचे लाइक दर वाढवतात. ते वगळून पुन्हा मोजल्यास ग्राहकांचा प्रतिसाद दिसतो.