शाळेच्या प्रवेशाची पोस्ट: कॅप्शनमध्ये कोणत्या तारखा हव्यात आणि संपर्क कसा द्यावा?

जानेवारी उजाडला की नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि शाळांच्या इन्स्टाग्राम, फेसबुक पेजवर एकाच धाटणीच्या पोस्ट फिरू लागतात. 'प्रवेश सुरू! नर्सरी ते दहावी. मर्यादित जागा, त्वरा करा. अधिक माहितीसाठी डीएम करा.' सोबत हसऱ्या मुलांचा फोटो.

या पोस्टमधून पालकाला काय कळलं? अर्ज कधीपर्यंत करायचा, हे कळलं नाही. मूल वयात बसतं का, कळलं नाही. ही पोस्ट याच वर्षीची आहे की मागच्या वर्षीची, हेही कळलं नाही. मग तो कॉल करतो आणि शाळेच्या कार्यालयातला फोन दिवसभर त्याच चार प्रश्नांसाठी वाजत राहतो. तारीख हुकली तर मात्र नुकसान पालकाचं होतं.

नागपुरातली शाळा प्रवेशाची पोस्ट टाकत असेल, तर कॅप्शनमध्ये नेमकं काय आणि का लिहायला हवं, ते पाहू.

'प्रवेशाची तारीख' ही एक तारीख नसते

पालकाच्या दृष्टीने प्रवेशात किमान चार तारखा असतात. अर्ज मिळायला कधी सुरुवात, अर्ज देण्याचा शेवटचा दिवस, निवडयादी किंवा सोडतीचा दिवस आणि प्रवेश निश्चित करण्याची मुदत. बहुतेक पोस्टमध्ये पहिली तारीख मोठ्या अक्षरात असते आणि चौथी नसतेच. खरी अडचण चौथ्या तारखेला होते. यादीत नाव आलेलं असतं, पण कागदपत्रं घेऊन कधीपर्यंत जायचं हे माहीत नसल्यामुळे जागा पुढच्या मुलाला जाते.

तारीख लिहिताना वार आणि वर्ष दोन्ही लिहावं. '२०/२ पर्यंत' असं लिहिलेली पोस्ट पुढच्या जानेवारीत कुणीतरी पुन्हा फॉरवर्ड करतं आणि ती नवी वाटते. 'शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६' असं लिहिलं की जुनी पोस्ट लगेच ओळखता येते. 'उद्यापासून' आणि 'पुढच्या सोमवारी' हे शब्द तर टाळावेतच, कारण फॉरवर्ड झालेल्या पोस्टला स्वतःचा 'आज' नसतो.

वयाची तारीख: एकाच शहरात दोन नियम

राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये किमान वयासाठी ३१ डिसेंबर ही तारीख ठरवली. म्हणजे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३ वर्षं आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. केंद्रीय विद्यालयांचा नियम वेगळा आहे. तिथे पहिलीसाठी ६ वर्षं ३१ मार्चला पूर्ण असावी लागतात.

ऑगस्ट २०२० मध्ये जन्मलेलं मूल घ्या. २०२६-२७ साठी राज्याच्या नियमाने ते पहिलीत बसतं, केंद्रीय विद्यालयात बसत नाही. म्हणून 'वय ६ वर्षे' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या दिवशी ६ वर्षं, हे लिहावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे 'जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्याआधी' असं लिहावं. पालकाला मग हिशेब करावा लागत नाही.

शाळा सुरू होण्याची तारीख: पुण्याची पोस्ट नागपुरात चालत नाही

अनेक शाळा एखाद्या संस्थेच्या साखळीतल्या असतात आणि पोस्ट मुख्य कार्यालयातून तयार होऊन येते. इथे एक चूक नेहमी होते. उन्हामुळे विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. २०२४ मध्ये राज्यात इतरत्र शाळा १५ जूनला सुरू झाल्या, विदर्भात १ जुलैला. २०२५ मध्ये इतरत्र १६ जून, विदर्भात २३ जून. दोन वर्षांतला फरकही सारखा नाही. त्यामुळे मागच्या वर्षीची तारीख उचलूनही चालत नाही आणि पुण्याची तर नाहीच. सीबीएसईच्या अनेक शाळांचं सत्र एप्रिलमध्येच सुरू होतं, म्हणून कॅप्शनमध्ये मंडळाचं नाव हवं.

आरटीईच्या जागांसाठी वेगळी ओळ का?

खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा शिक्षण हक्क कायद्याखाली वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. त्यांचे अर्ज शाळेत घेतले जात नाहीत. ते राज्याच्या पोर्टलवर भरायचे असतात, सोडत राज्य पातळीवर निघते आणि कागदपत्रांची तपासणी पडताळणी समिती करते. 'प्रवेश सुरू' वाचून एखादी आई शाळेत जाते, अर्ज भरते आणि तिला वाटतं आपला आरटीईचा अर्ज झाला. तो झालेला नसतो.

या तारखा किती बदलू शकतात, हे २०२४ मध्ये दिसलं. फेब्रुवारीत शासनाने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट मिळाली. एप्रिलमध्ये त्या नियमाने अर्ज सुरू झाले. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली. १७ मेपासून नव्याने अर्ज मागवले गेले आणि आधी अर्ज केलेल्या पालकांनाही पुन्हा अर्ज करावा लागला. सोडत ७ जूनला निघाली, पण न्यायालयाने १९ जुलैला तो बदल रद्द केल्यानंतर, २० जुलैला यादी आली. तोपर्यंत विदर्भातल्या शाळा सुरू होऊन जवळपास तीन आठवडे झाले होते.

त्या वर्षी एप्रिलची पोस्ट सेव्ह करून ठेवलेल्या आणि 'आपलं झालं' म्हणून निश्चिंत राहिलेल्या पालकासाठी ती पोस्टच घातक ठरली असती. म्हणून शाळेने आरटीईच्या तारखा स्वतःच्या कॅप्शनमध्ये छापू नयेत. फक्त पोर्टलचा पत्ता द्यावा. निवड झाल्यावर पालकांना एसएमएस जातो, पण केवळ त्यावर विसंबू नये, पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहावी, अशी सूचना शिक्षण विभागच देत असतो.

संपर्क: 'डीएम करा' पुरेसं का नाही?

डीएममध्ये दिलेलं उत्तर एकालाच दिसतं आणि अनोळखी खात्याचा मेसेज रिक्वेस्टच्या फोल्डरमध्ये पडून राहू शकतो. शिवाय नर्सरीच्या प्रवेशासाठी धावपळ करणारे आजी-आजोबा इन्स्टाग्रामवर असतीलच असं नाही. म्हणून एक फोन नंबर, तो उचलला जाण्याची वेळ आणि प्रत्यक्ष येण्याचा पत्ता, या तीन गोष्टी हव्यात. नंबर शाळेचा असावा, शिक्षिकेचा वैयक्तिक नको.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही. लिंक द्यायची तर बायोमध्ये ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र wa.me/91 आणि पुढे दहा अंकी नंबर अशी लिंक दिली की थेट चॅट उघडतं. यात +, ० किंवा मोकळी जागा चालत नाही आणि अंक इंग्रजीतच लागतात.

मुलाचं नाव, जन्मतारीख किंवा आधार कमेंटमध्ये मागू नये. ती माहिती सगळ्यांना दिसते.

एक कॅप्शन तयार करून पाहू

समजा नागपुरातली राज्य मंडळाची, स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहे. नर्सरी आणि पहिलीचे प्रवेश द्यायचे आहेत. तारखा उदाहरणासाठी घेतल्या आहेत.

> प्रवेश २०२६-२७: नर्सरी आणि पहिली. अर्ज २ ते २० फेब्रुवारी २०२६.
>
> प्रिय पालक,
> (शाळेचे नाव, परिसर), नागपूर. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. यू-डायस क्रमांक: (११ अंक)
>
> वय: नर्सरीसाठी जन्म ३१ डिसेंबर २०२३ किंवा त्याआधी. पहिलीसाठी ३१ डिसेंबर २०२० किंवा त्याआधी.
>
> अर्ज: सोमवार २ ते शुक्रवार २० फेब्रुवारी, शाळेच्या कार्यालयात, सकाळी १० ते दुपारी २. रविवारी आणि १९ फेब्रुवारीला (शिवजयंती) कार्यालय बंद.
>
> अर्ज जास्त आल्यास सोडत: बुधवार २५ फेब्रुवारी, सकाळी ११, शाळेत, पालकांसमोर. यादी त्याच दिवशी फलकावर आणि या पेजवर.
>
> प्रवेश निश्चित करण्याची मुदत: शनिवार २८ फेब्रुवारी, दुपारी २ पर्यंत.
>
> संपर्क: (शाळेचा नंबर), कार्यालयाच्या वेळेत. व्हॉट्सअ‍ॅप याच नंबरवर.
>
> आरटीई २५ टक्के जागांचे अर्ज शाळेत घेतले जात नाहीत: student.maharashtra.gov.in
>
> शाळा कोणत्याही लिंकवर फी मागत नाही. पावती कार्यालयातच मिळेल.

पहिल्या ओळीतच वर्ष, वर्ग आणि मुदत आली आहे. इन्स्टाग्राम कॅप्शनचा सुरुवातीचा थोडाच भाग दाखवतं, बाकीचं दाबल्यावर उघडतं. तिथे 'आमच्या शाळेची उज्ज्वल परंपरा' आली तर तारीख झाकली जाते.

शिवजयंतीची ओळ क्षुल्लक वाटेल. पण मुदत संपण्याच्या आदल्या दिवशीच गर्दी होते आणि इथे नेमका तोच दिवस सुट्टीचा आहे. तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवलं की असं लक्षात येतं.

यू-डायस क्रमांकामुळे पालकाला शाळेची खातरजमा करता येते. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढचे दोन जिल्ह्याचे असतात. नागपूर जिल्ह्यातल्या शाळेचा क्रमांक २७०९ ने सुरू होतो.

या कॅप्शनमध्ये 'मुलाची चाचणी' आणि 'पालकांची मुलाखत' हे शब्द नाहीत, ते मुद्दाम. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशासाठी अशी चाळणी लावायला मनाई करतं. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. पोस्टमध्ये तसं लिहिणं म्हणजे शाळेने स्वतःविरुद्ध पुरावा देणं.

तारीख बदलली तर?

कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं. पण इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो बदलता येत नाही आणि लोकांनी डाउनलोड करून पुढे पाठवलेल्या चित्रासोबत कॅप्शन जातही नाही. म्हणून चित्रावरही वर्ष, शेवटची तारीख आणि फोन नंबर एवढं असावं. मुदत वाढली तर नवं चित्र करावं, त्यावर 'सुधारित' हा शब्द आणि ते काढल्याची तारीख ठळक लिहावी, जुनी पोस्ट काढून टाकावी आणि शाळेच्या फलकावरही तोच बदल त्याच दिवशी करावा.

पालकांनी काय पाहावं?

ग्रुपवर आलेली पोस्ट खरी वाटली तरी आधी वार आणि तारीख जुळते का, ते बघा. २० फेब्रुवारी २०२६ ला शुक्रवार आहे. पोस्टमध्ये दुसरा वार असेल तर ती मागच्या वर्षीची असू शकते. मग शाळेच्या स्वतःच्या पेजवर तीच पोस्ट आहे का आणि नंबर तोच आहे का, ते तपासा. दोन्ही जुळत नसेल तर पैसे किंवा कागदपत्रं पाठवण्याआधी शाळेच्या फाटकावरचा फलक वाचून या.